माझं सार्वजनिक पोट

सहावा महिना लागेपर्यंत माझं पोट माझं होतं. मग ते सोसायटीचं झालं, पुढे मध्य रेल्वेचं झालं, आणि सातव्यात तर कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत जो कोणी समोर येईल त्याचं झालं. त्यावर मत नसलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला तेवढा गप्प असतो असं मी समजत होते. एक दिवस गाठोडं देताना तोही म्हणाला, "ताई, कुर्ते आता बसत नसतील ना? त्यांची घडी वेगळी ठेवली आहे."

त्यातला एक दिवस सांगते. सकाळी लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या काकू शिरल्या. देवदर्शनाला निघाल्या होत्या, पण दर्शन आधी पोटाचंच घेतलं.

"सातवा ना गं?"

"हो."

"मग एवढंसंच कसं? खातेस की नाही काही?"

तळमजला येईपर्यंत त्यांनी मला खारका, डिंकाचे लाडू आणि रात्री केशर घातलेलं दूध असा आहार लावून दिला होता. बाहेर पडून मी स्टेशनकडे वळले. कोपऱ्यावरची भाजीवाली मावशी मेथीच्या जुड्या बांधत होती. मला बघून तिचे हात थांबले.

"जुळं हाय का गं?"

लिफ्टपासून भाजीच्या गाडीपर्यंत चालायला पाच मिनिटंही लागत नाहीत. तेवढ्यात मी उपाशी बाईची जुळ्यांची आई झाले होते. वाटेत खाल्लं काही नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगते.

रात्री हे सगळं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "दुर्लक्ष कर." पुरुषांना हा सल्ला फार सोपा जातो. त्याचं स्वतःचं पोट माझ्यापेक्षा चार वर्षं सीनियर आहे, आणि आजवर एकाही माणसानं त्याला लिफ्टमध्ये "कितवा?" असं विचारलेलं नाही.

माझी खरी पंचाईत झाली ती ऑफिसात. आमच्याच विभागातली एक जण त्याच सुमारास गरोदर होती. दोघींची तारीख एकाच आठवड्यातली. ती पाच फूट सात इंच, मी जेमतेम पाच फूट एक. जेवणाच्या सुट्टीत आम्ही डबे घेऊन शेजारी बसलो की कँटीनमध्ये येणारा प्रत्येक माणूस आधी तिच्याकडे बघायचा, मग माझ्याकडे, आणि मग निकाल जाहीर करायचा. तिला सांगितलं जायचं, "तू वजनाचं फार मनावर घेतेस वाटतं, बाळाला उपाशी नको हं ठेवूस." मला सांगितलं जायचं, "तू मात्र जरा आवर." मी डब्यात पोळी-भाजी आणि ताक आणायचे. ती वडापाव खायची, कधीकधी दोन.

एकदा सोनोग्राफीचे रिपोर्ट आम्ही शेजारी ठेवून पाहिले. बाळांच्या अंदाजे वजनात शंभर ग्रॅमचासुद्धा फरक नव्हता. मग हा डोंगर आणि ते पठार कशामुळे? मी माझ्या डॉक्टरबाईंना विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "अहो, बाळाला राहायला जागा हवी. तुमच्या मैत्रिणीची बरगडी ते कंबर एवढी लांब आहे की बाळ उभ्या जागेत मावतं. तुमच्याकडे वर जागा नाही, मग ते पुढे गॅलरी काढणार." म्हणजे बुटक्या बाईचं पोट पुढे येतं आणि उंच बाईचं लपतं, यात खाण्याचा संबंध नाही. दुसरेपणाला पोटाचे स्नायू आधीच सैल झालेले असतात, म्हणून पोट लवकर दिसतं. बाळ आडवं असेल तर पोट रुंदीला पसरतं आणि उंचीला कमी भरतं. त्याच्या भोवतीचं पाणी कमी-जास्त असेल तरी आकार बदलतो. आणि सगळ्यात अपमानाची गोष्ट म्हणजे गॅस. गरोदरपणातल्या हार्मोनमुळे आतडी आळसावतात, त्यात लोहाच्या गोळ्या बद्धकोष्ठाला हातभार लावतात, त्यामुळे संध्याकाळचं पोट सकाळच्यापेक्षा मोठं असतं. संध्याकाळच्या लोकलमध्ये ज्या बाईनं माझ्याकडे बघून "बाळ बाकी गुटगुटीत दिसतंय" असं कौतुक केलं, तिचं ते कौतुक दुपारच्या राजम्याचं होतं.

पोट खरं कसं मोजतात तेही मी डॉक्टरबाईंच्याच खोलीत पाहिलं. आधी लघवीला जाऊन यायला सांगतात, कारण भरलेलं मूत्राशय पिशवीला वर ढकलतं आणि आकडा खोटा वाढतो. मग उताणं झोपवतात. डॉक्टर हातानं चाचपून गर्भाशयाची वरची कड शोधतात आणि तिथपासून ओटीपोटाखालच्या हाडापर्यंत साधी शिंप्याची टेप लावतात. विसाव्या आठवड्यानंतर साधारण छत्तिसाव्यापर्यंत जितके आठवडे तितके सेंटिमीटर, दोन इकडे-तिकडे चालतात. माझा अठ्ठाविसावा आठवडा होता, टेप २८ म्हणाली. लिफ्टमधल्या काकू आणि भाजीवाली मावशी यांच्या बरोबर मधोमध.

या सगळ्यात मला एक गोष्ट फार आवडली. डॉक्टरांनी टेपची आकड्यांची बाजू खाली ठेवली होती. कोरी बाजू वर ठेवून मोजायचं, खूण धरायची आणि मग उलटून वाचायचं. मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "आठवडे मला माहीत असतात ना. आकडे दिसले तर हात आपोआप त्या आकड्याशी जाऊन थांबतो." एमडी झालेली बाई स्वतःच्या हातावर एवढा अविश्वास दाखवते. आणि आमच्या काकू बंद लिफ्टमध्ये, पदराआडून, चष्मा पर्समध्ये असताना, बाळाचं वजन सांगतात.

लोक बोलतात तरी का, यावर मी लोकलमध्ये उभी राहून पुष्कळ विचार केला आहे. विचाराला दुसरी जागा मिळत नव्हती. तशी उपनगरी गाड्यांत दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बायकांना बसायची मुभा आहे. पण डोंबिवलीला सकाळच्या वेळी तो डबा नेमका कुठे येतो ते ओळखून तिथे पोचेपर्यंत गाडी कोपरला गेलेली असते. म्हणून मी आपल्या बायकांच्या डब्यात. तिथे चौथी सीट मिळते, आणि सीटसोबत मतं मिळतात.

माझं निदान असं की माझ्या पोटाबद्दल बोलणारी बाई माझ्या पोटाबद्दल बोलतच नसते. तिला तिच्या पोटाबद्दल बोलायचं असतं. वीस वर्षांपूर्वी तिच्यावर आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट गुदरली. महिना-दोन महिने सगळ्यांनी ऐकलं, मग बाळ मोठं झालं, शाळेत गेलं, आणि कोणी विचारेनासं झालं. ती गोष्ट आत तशीच पडून असते. समोर एक पोट येऊन उभं राहिलं की तिला वाचा फुटते. "तुझं लहान दिसतंय" हे वाक्य म्हणजे नुसती घंटा. पुढे येतं ते, "माझं इतकं मोठं होतं की सासूबाई म्हणाल्या...". त्या क्षणी माझं पोट संपलेलं असतं. ठाणे ते घाटकोपर सासूबाई.

दुसरं कारण खास आपलं आहे. आपल्याकडे चांगल्याला चांगलं म्हणणं धोक्याचं. गुटगुटीत बाळाला गुटगुटीत म्हटलं की आई लगेच काजळाची तीट लावते. गरोदर बाईला "छान दिसतेस, तब्येत झकास आहे" म्हणायचं म्हणजे दृष्ट लावायचीच. त्यामुळे प्रेमळ माणसाला बोलायला उरतं काय? "किती सुकलीस गं!" हे वाक्य मी माझ्या वजनात आठ किलोंची भर पडलेली असतानाही ऐकलं आहे, आणि म्हणणाऱ्या मामींच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. हाताला लागेल त्या दंडाचं मांस चिमटीत धरून त्या म्हणाल्या, "काही राहिलंच नाही अंगावर." चिमटीत बरंच काही होतं. पण असं बोलणं वजनकाट्यावर ठेवायचं नसतं हे मला कळायला जरा वेळ लागला.

तिसरं कारण, मुलगा की मुलगी. सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर पाटी असते की येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. महाराष्ट्रानं हा कायदा देशाच्या आधी, १९८८ साली केला. देशाचा १९९४ साली आला. मशीन चालवणाऱ्या डॉक्टरांचं तोंड त्यानं बंद केलं. पण डब्यात खिडकीशी बसलेल्या बाईला ना मशीन लागतं ना परवाना.

"पुढे टोकदार आहे. मुलगा."

"छे हो, बाजूनं पसरलंय. मुलगीच."

"चालताना उजवा पाय आधी टाकते का बघा."

सगळ्यांच्या नजरा माझ्या पायांवर. गाडी कुर्ल्यात शिरत होती आणि मी मुद्दाम दोन्ही पाय एकदम उचलायचा विचार करत होते. बाल्टिमोरमधल्या संशोधकांनी १९९९ साली हे खरोखर तपासून पाहिलं आहे. पोटाच्या आकारावरून मुलगा-मुलगी काही कळत नाही असंच निघालं. पण डब्यात ते सांगण्यात अर्थ नव्हता. मुलगी ठरवणाऱ्या बाईनं तर माझं सांत्वनही सुरू केलं होतं: "असू दे गं, पहिली बेटी धनाची पेटी." मी रडत नव्हते, गर्दीत कोणाची तरी ओढणी डोळ्यात गेली होती.

आता हे झेलायचं कसं? मी वेगवेगळे उपाय करून पाहिले. पहिला उपाय खरं सांगण्याचा होता आणि तो सगळ्यात वाईट निघाला. एकीनं विचारलं, "वजन किती वाढलं?" मी सरळ सांगितलं, "आठ किलो." डावीकडून आवाज आला, "फक्त?" उजवीकडून आला, "बाप रे!" मग दोघी माझ्या डोक्यावरून आपापसात भांडू लागल्या आणि दादरला उतरताना मला दोघींचा निरोप घ्यावा लागला. तेव्हापासून मी कोणाला आकडा सांगत नाही. वजन, आठवडे, बाळाचं माप, काहीही नाही. आकडा हातात पडला की समोरची बाई त्याची तुलना स्वतःच्या आकड्याशी करणार, आणि तिच्या वेळचा काटा कुठला होता ते देवाला ठाऊक.

खरं तर वाढलेल्या वजनाचा हिशेब मला कोणी मागितला असता तर मी तोंडपाठ म्हणून दाखवला असता. पूर्ण दिवसांत बारा किलो वाढले असं धरा. त्यात बाळ साधारण तीन किलोंचं. वार सहाशे-साडेसहाशे ग्रॅम, पाणी पाऊण ते एक किलो, पिशवी स्वतःच किलोभर वाढते, अंगातलं रक्त सव्वा-दीड किलोंनी जास्त होतं, शिवाय अंगात धरून ठेवलेलं पाणी दीड किलो, छातीचा अर्धा किलो. उरतात तीन-साडेतीन किलो, ती चरबी, आणि ती दूध पाजण्यासाठी शरीरानं मुद्दाम बाजूला टाकलेली असते. म्हणजे लोकांना जे "माझं खाणं" दिसत होतं, त्यात खऱ्या अर्थानं माझा वाटा चौथाईच होता. आणि बाराच किलो वाढायला हवेत असंही नाही. मुळात बारीक बाईचं त्याहून जास्त वाढणं चांगलं, मुळात जाड असलेलीचं पाच-सात किलोंतही भागतं. कोणाचं किती हे पहिल्या भेटीतल्या उंची-वजनावरून डॉक्टर ठरवतात. डब्यातल्या बायकांनी माझं पहिल्या भेटीतलं वजन पाहिलेलं नव्हतं.

"दोन जिवांची आहेस, दोघांचं खा" हेही असंच. आपल्याकडच्या पोषणाच्या शिफारशींत गरोदर बाईला दिवसाला साडेतीनशे कॅलरी जास्त सांगितल्या आहेत, त्याही दिवस जरा वर गेल्यावर. म्हणजे दोन पोळ्या, थोडी उसळ आणि कपभर दूध. दुसरा जीव एवढ्यावर खूश असतो. आमच्या सासरी पूर्ण ताट त्याच्या नावानं वाढलं जायचं आणि तो अजून जन्मला नाही म्हणून ते मी संपवायचं.

दुसरा उपाय चालला. एकच वाक्य, रोज, सगळ्यांना: "डॉक्टर म्हणाल्या, बरोबर आहे." लहान आहे? डॉक्टर म्हणाल्या, बरोबर आहे. मोठं आहे? डॉक्टर म्हणाल्या, बरोबर आहे. पुढे आलंय, खाली आलंय, तिरकं दिसतंय? बरोबर आहे. यात आवाज चढवायचा नाही, कारण द्यायचं नाही आणि दुसरं वाक्य जोडायचं नाही. कारण दिलं की वाद सुरू. आमच्या स्टेशनवरची बाई "यात्रीगण कृपया ध्यान दें" म्हणते तेव्हा तिच्याशी कोणी वाद घालतं का? तीच पट्टी लावायची. तिसऱ्यांदा हेच ऐकलं की समोरचा माणूस फलाटावरच्या माणसासारखा आपोआप दुसरीकडे बघायला लागतो.

पण ज्यांना स्वतःची गोष्ट सांगायचीच आहे त्यांच्यावर हे चालत नाही. त्यांच्यासाठी प्रश्न उलटवावा लागतो. इथे एक बारकावा आहे आणि तो मी बरंच सोसून शिकले. "तुमच्या वेळी कसं होतं?" असं चुकूनही विचारू नये. त्यात कळा येतात, टाके येतात, नर्सनं काय सुनावलं ते येतं, आणि आपण मुलुंडपर्यंत घामाघूम. त्याऐवजी विचारायचं, "तुम्हाला डोहाळे कसले लागले होते?"

या प्रश्नानं डब्याचं काय होतं ते पाहण्यासारखं असतं. आंबट तोंडानं बसलेली बाई एकदम सैल होते. एकीला कच्च्या चिंचा, एकीला सुक्या बोंबलाची चटणी, तीही जैन शेजारणीच्या दाराशी उभं राहून खायची. एक जण हळूच म्हणाली की तिनं मुलाच्या पाटीवरच्या पेन्सिली खाल्ल्या होत्या, डबाच्या डबा. लगेच समोरच्या दोघींनी कबुली दिली, एकीनं भाजलेल्या मातीची, दुसरीनं खडूची. अंगात लोह कमी असलं की बायकांना असल्या वस्तू खाव्याशा वाटतात, हे मी वाचलेलं होतं. ते मी सांगितलं, तर पेन्सिलवाली बाई अवाक झाली. "म्हणजे मला रक्त कमी होतं? आणि सासूबाई म्हणत होत्या मी पोराच्या अभ्यासावर जळते!" भायखळा आलं तरी माझ्या पोटाकडे कोणी पाहिलं नाही.

हात लावणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. बोलण्याला उत्तर देता येतं, हात मात्र विचारून येत नाही. भाजी घेताना, बँकेत, लग्नाच्या पंगतीत एखादा हात सरळ पोटावर येऊन स्थिरावतो आणि आपण त्या पोटाला जोडलेलो आहोत हे हाताच्या मालकिणीच्या लक्षातही नसतं. यावर पर्स पुढे घ्यावी, अर्धं पाऊल मागे जावं आणि हसत म्हणावं, "हात नको हं काकू, मला गुदगुल्या होतात." गुदगुल्यांवर कोणी रुसत नाही. एका आजींनी मात्र हात काढला नाही. "मलाही व्हायच्या," म्हणाल्या आणि दुसराही ठेवला.

उरल्या चौथ्या मजल्यावरच्या काकू. रोज भेटणाऱ्या माणसावर तयार वाक्य चालत नाही, तिसऱ्या दिवशी तेही त्याला पाठ होतं. शेवटी मी स्वच्छ सांगितलं. "काकू, तुम्ही सकाळी लहान म्हणता, मग मी दिवसभर बाळाची काळजी करत बसते. पोटाचं नका ना बोलू."

काकूंचा चेहरा पडला. दोन-तीन दिवस त्या जिन्यानं गेल्या, चार मजले. मला फार अपराधी वाटलं. मग एका सकाळी लिफ्टमध्ये पुन्हा आल्या. मी आणि नवरा दोघं होतो. त्यांनी डोळे कष्टानं माझ्या चेहऱ्यावर खिळवले. मग वळून नवऱ्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"याचं बोललं तर चालेल ना?"

मी म्हणाले, "अवश्य."

"कितवा रे?"

त्या दिवसापासून तो "दुर्लक्ष कर" म्हणत नाही. जिन्यानं जातो.

आता एका बाईची गोष्ट, जिच्यावर माझा एकही उपाय चालला नाही, आणि चालला नाही हे बरंच झालं. डोहाळजेवण झालेलं होतं. हातात हिरवा चुडा होता. बाजारात मासे घ्यायला गेले तेव्हा कोळीण मावशींनी बोंबील मोजता मोजता माझ्या मनगटाकडे पाहिलं.

"पोरी, बांगड्या रुतल्यात. मागल्या रविवारी खळखळत होत्या."

मी नेहमीप्रमाणे म्हणाले, "डॉक्टर म्हणाल्या, बरोबर आहे."

"कधी म्हणाल्या?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मागची तपासणी बांगड्या खळखळत होत्या तेव्हाची. "तोंड पण सुजलंय," मावशी म्हणाल्या. "पाय सुजतात समद्यांचे. तोंड नाय सुजत. आजच जा." इतक्या महिन्यांत हे पहिलं माणूस, ज्यानं माझ्या पोटाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी गेले. काट्यावर उभी राहिले तर एका आठवड्यात दीड किलो. नर्सनं रक्तदाब मोजला, १३६ वर ८६. डॉक्टरांनी मला डाव्या कुशीवर पडायला लावलं, थोड्या वेळानं पुन्हा मोजला, जरासा उतरला होता. लघवीतलं प्रथिन तपासलं, नव्हतं. मग त्यांनी प्रश्नांची सरबत्ती केली. डोकं दुखतं का, न थांबणारं? डोळ्यांपुढे काजवे चमकतात का? उजवीकडे बरगडीखाली दुखतं का? बाळ नेहमीसारखं हलतंय ना? यातलं काही नव्हतं आणि बाळ हलत होतं. संध्याकाळी पाय सुजणं सर्रास असतं, त्या म्हणाल्या. पण सकाळी उठल्यावर तोंड आणि हात सुजलेले असले, वजन एकदम चढलं, तर दाब मोजल्याशिवाय राहायचं नाही. १४० वर ९० ही हद्द. ती ओलांडली आणि पुन्हा मोजल्यावरही तेवढाच आला, तर तो आजार म्हणून धरतात. त्यानं आईलाही धोका, बाळालाही. मला दोन दिवसांनी परत बोलावलं, घरी दाब मोजून लिहून ठेवायला सांगितलं. पुढे तो खालीच राहिला.

फाईल बंद करताना त्यांनी विचारलं, "तुमची तपासणीची तारीख तर पुढच्या आठवड्यात होती. आज कोणी पाठवलं?"

"बोंबीलवाल्या मावशींनी."

त्यांनी मान हलवली. "बाकी सगळे तुमच्या पोटाबद्दल बोलत असतील."

"सगळे."

"काटा, टेप आणि दाब, एवढंच आम्ही बघतो. आणि ते आम्हीसुद्धा दर वेळी मोजतो, आठवणीवर सांगत नाही. त्या मावशींनी निदान मागच्या रविवारशी ताडून पाहिलं." मग जरा थांबून म्हणाल्या, "बोंबील ताजे असतात का त्यांच्याकडे?"

बाळ झालं. मला वाटलं, विषय संपला. बाळ, वार, पाणी, रक्त मिळून पाच-सहा किलो एका दिवसात उतरले. पण पिशवी बाळंतपणानंतर बेंबीपर्यंत असते, मग रोज साधारण बोटभर खाली सरकते, आणि पूर्ववत व्हायला सहा आठवडे घेते. पोटाचे स्नायू तर त्याहून निवांत. हे फक्त पिशवीला आणि मला माहीत होतं. बारशाला आलेल्या एका दूरच्या आत्यांनी पाळण्यात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि दबक्या आवाजात माझ्या आईला विचारलं, "आत अजून एक राहिलंय का?"

मग जन्मदाखल्यावर बाळाचं नाव घालायला मी महापालिकेच्या कार्यालयात गेले. बाळ आजीकडे होतं. पंखा एक, रांग मोठी, खुर्च्या तीन आणि तिन्ही भरलेल्या. माझ्याकडे लक्ष जाताच एक बाई झटकन उठली.

"बसा हो बसा. उभ्या काय राहता अशा अवस्थेत!"

मी तोंड उघडलं. मग खुर्चीकडे पाहिलं.

"कितवा?" तिनं विचारलं.

बाळाला त्याच सोमवारी तिसरा लागला होता.

"तिसरा," मी म्हणाले आणि बसले.

तिनं मान तिरकी करून नीट पाहिलं. "तिसऱ्याच्या मानानं मोठं आहे हं. जुळी नाहीत ना? डॉक्टरांना दाखवलंत का?"

मी पर्स मांडीवर पुढे ओढून घेतली आणि तिला विचारलं, "तुम्हाला डोहाळे कसले लागले होते हो?"